आठवडाभर उत्तर नाही आलं? मग खुशाल पुन्हा विचारा

आज सकाळी माझ्या यादीतल्या एका गृहस्थांनी एका मुलीच्या मेलचा स्क्रीनशॉट टाकला. नाव झाकलं होतं, तेवढी सभ्यता दाखवली. मेल काय होता? 'गेल्या आठवड्यात एक प्रश्न विचारला होता, आपल्याला सवड झाली असेल तर कळवाल का?' बस, एवढंच. त्यावर यांची टिप्पणी, 'हल्लीच्या पोरांना दम म्हणून नाही.' आणि खाली हसणाऱ्यांची रांग.

माझं डोकंच फिरलं. अहो, तिने आठवडाभर दम धरला ना? उत्तर द्यायचं तुमच्याकडे राहिलंय, आणि निर्लज्ज ती?

मी पुस्तकांचं संपादन करते, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ लोकांना प्रश्न विचारण्यात जातो. त्यामुळे उत्तर न येणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. एकच प्रसंग सांगते. पक्षिनिरीक्षणावरच्या एका पुस्तकात एक छोटा तक्ता होता. चार ठिकाणं आणि तिथे मोजलेले पक्षी: १३२, ९६, ११० आणि ८०. बेरीज ४१८. पण तक्त्याखालच्या परिच्छेदात लेखकांनी लिहिलं होतं, 'एकूण ४८१ पक्षी दिसले.' आकडे तेच, फक्त शेवटचे दोन उलटे. कुणालाही वाटावं की टाइप करताना अदलाबदल झाली. मी लेखकांना मेल केला की यातलं बरोबर कोणतं. आणि मग शांतता. एक दिवस, दोन दिवस, अख्खा आठवडा.

आता अशा वेळी आपल्या मनात काय काय येतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. राग आला असेल, प्रश्न मूर्खपणाचा वाटला असेल, आपण डोक्यातून उतरलो असू. खरं कारण बहुतेक वेळा फार साधं असतं. माणूस मेल फोनवर उघडतो. उत्तर द्यायला जुनी फाइल बघावी लागणार असते आणि ती घरच्या संगणकावर असते. 'संध्याकाळी बघू' म्हणून तो मेल बंद करतो. पण एकदा उघडला की त्या मेलची ठळक अक्षरं साधी होतात, वाचलेल्या मेलच्या गर्दीत तो जातो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यावर नवे वीस मेल येऊन बसतात. पहिल्या पडद्यावरून गेला की डोक्यातूनही गेला. यात अपमान कुणी केला? कुणीच नाही. म्हणून दुसऱ्या मेलचं पहिलं काम एवढंच, की तो प्रश्न पुन्हा वर आणून ठेवायचा.

आणि आठवडाच का, तेही सांगते, कारण 'दुसऱ्याच दिवशी पाठवला असता तरी चाललं असतं की' असं म्हणणारेही भेटतात. समोरचा सर्व्हर बंद असेल तर आपला सर्व्हर मेल लगेच परत करत नाही, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. ईमेल पोचवण्याच्या नियमांत हा काळ साधारण चार-पाच दिवसांचा धरलेला आहे. त्यानंतर 'पोचला नाही' असा निरोप येतो. म्हणजे आठवड्यानंतरही असा निरोप आला नसेल, तर मेल बहुधा पोचलेला आहे किंवा स्पॅममध्ये पडलेला आहे. स्पॅमचं मात्र कुणी कळवत नाही, आणि जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं. दुसरा मेल पाठवायला हेही एक कारण पुरेसं आहे.

हो, दर तीन तासांनी 'काही अपडेट?' असं टोचणारेही असतात, मान्य. त्यांची बाजू मी घेत नाहीये.

तर मी लेखकांना दुसरा मेल केला. नवा मेल उघडला नाही, पाठवलेल्यांतला माझा जुना मेल उघडून त्यालाच उत्तर दिलं. यात एक बारीक गोष्ट बघावी लागते. जीमेलमध्ये आपल्याच पाठवलेल्या मेलला उत्तर दिलं की ते मूळ माणसालाच जातं, पण काही प्रोग्राममध्ये ते आपल्यालाच येतं आणि तिथे 'सर्वांना उत्तर' निवडावं लागतं. म्हणून पाठवण्याआधी पत्ता बघायचा. विषयाची ओळही बदलायची नाही. विषय बदलला की जीमेल त्याची वेगळी साखळी करतं, आणि समोरच्याला जुना प्रश्न शोधत बसावं लागतं. 'तातडीचे!!' असं लिहून विषय बदलणाऱ्यांना वाटतं आपण लक्ष वेधलं. प्रत्यक्षात त्यांनी सगळा संदर्भ तोडलेला असतो.

मेल असा होता:

'नमस्कार सर, मागच्या आठवड्यातला एक प्रश्न पुन्हा वर आणते. तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्याची बेरीज ४१८ येते, खालच्या परिच्छेदात ४८१ आहे. यातलं कोणतं ठेवायचं? नुसतं "तक्ता" किंवा "परिच्छेद" एवढं कळवलंत तरी पुरे. तपासायला वेळ हवा असेल तर तसं सांगा. पानं शुक्रवारी छपाईला जायची आहेत. तोवर नक्की झालं नाही तर हे प्रकरण मी मागे ठेवते, बाकीची पुढे जातील.'

प्रश्न पुन्हा पूर्ण लिहिलाय, बघा. 'खालचा मेल कृपया पाहावा' असं नाही. फोनवर वाचणाऱ्याला खाली सरकवत न्यायचं, जुनी अवतरणं उलगडायला लावायची, आणि मग उत्तराची अपेक्षा करायची, हे कशाला? प्रश्नही एकच. पहिल्या मेलला उत्तर नाही म्हणून दुसऱ्यात आणखी तीन प्रश्न घुसवणारे लोक मी पाहिलेत. ज्याला एकाला वेळ झाला नाही, त्याला चारांना कुठून होणार?

लेखकांचं उत्तर त्याच दुपारी आलं. आणि ते 'तक्ता' नव्हतं, 'परिच्छेद'ही नव्हतं. ते म्हणाले, ४८१ बरोबर आहे, पण तक्ताही तसा खोटा नाही. त्यातली एक ओळ गळली आहे. पाचवं ठिकाण. तिथला आकडा त्यांच्या नोंदवहीत होता आणि आठवडाभर ते ती वही शोधत होते. 'पूर्ण उत्तरच द्यावं म्हणून थांबलो होतो,' असं त्यांनी लिहिलं.

हे वाचून मी गप्प बसले थोडा वेळ. ज्याला आपण दुर्लक्ष समजतो, ते इथे काम चालू होतं. त्या माणसाने माझा प्रश्न माझ्याहून गांभीर्याने घेतला होता. अर्धं उत्तर पाठवायचा त्याला संकोच वाटत होता, आणि 'वेळ हवा असेल तर तसं सांगा' या एका वाक्याने तो संकोच गेला. तेव्हापासून हे वाक्य माझ्या प्रत्येक आठवणीच्या मेलमध्ये असतं. चांगली माणसं बरेचदा याच कारणाने गप्प असतात.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यात लोक फार गफलत करतात. 'उत्तर नाही आलं तर मी असं असं करते' हे लिहावंच, त्याने काम अडत नाही. पण ते 'असं असं' निवडताना विचार करायचा. समजा मी लिहिलं असतं, 'उत्तर नाही आलं तर ४८१चं ४१८ करते.' कुणालाही ते शहाणपणाचं वाटलं असतं, बेरीज जुळलीच असती. आणि पाचव्या ठिकाणचे पक्षी छापील पुस्तकातून कायमचे गेले असते. जे नंतर उलटवता येतं आणि जे ठरवायचा आपल्याला हक्क आहे, तेवढंच आपण तिथे लिहायचं. प्रकरण मागे ठेवणं माझ्या हातात होतं. त्यांचा आकडा बदलणं नव्हतं.

आता ज्या गोष्टींनी माझा संताप होतो, त्या. पहिल्याच आठवणीला साहेबांना सीसीमध्ये घालणं. याला चुगली म्हणतात, आणि समोरच्याला ती लगेच कळते. मग उत्तर येतं, पण ते तुम्हाला उद्देशून नसतं, साहेबांसमोरची सफाई असते. दुसरी, 'माझ्या आधीच्या मेलमध्ये नमूद केल्याप्रमाणे'. नमूद केलं होतंत ना, मग आता सरळ पुन्हा सांगा. आणि तिसरी म्हणजे, 'तुम्ही मेल उघडलेला मला दिसतोय.' मेलमध्ये न दिसणारं चित्र टाकून माणसावर पाळत ठेवायची! शिवाय ते खरंही नसतं. २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच उतरवून घेण्याची सोय आहे. ती चालू असेल तर बिचाऱ्याने मेल पाहिलेलाही नसतो आणि इकडे 'उघडला' अशी नोंद होते. अशा पुराव्यावर कुणाला जाब विचारणार तुम्ही?

याच्या उलट टोकाला माझी एक मैत्रीण आहे. तिच्या आठवणीच्या मेलची पहिली चार वाक्यं माफीचीच असतात. त्रास देते आहे, आपण व्यस्त असाल, राग मानू नये. अगं, कशाची माफी? चार वाक्यं वाचून होईपर्यंत प्रश्न पडद्याच्या खाली गेलेला असतो. एक 'नमस्कार' आणि लगेच प्रश्न, यात उद्धटपणा काही नाही. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो, तोही आदरच आहे.

काही वेळा उत्तर न देणं हेच उत्तर असतं, हेही खरं. कुणाकडे मेहरबानी मागितली असेल, ओळख नसताना काम मागितलं असेल, तर एका आठवणीनंतर थांबावं. पण दोघांनी मिळून हाती घेतलेल्या कामातला प्रश्न असेल तर हा नियम लागू नाही. तिथे दुसऱ्या मेललाही उत्तर आलं नाही तर तिसरा लिहू नये, सरळ फोन करावा. कदाचित तो पत्ता त्यांनी बघणंच सोडलं असेल. कदाचित मेल अनेकांना गेला असेल आणि प्रत्येकाला वाटलं असेल की दुसरा कुणीतरी उत्तर देईल. असं असेल तर फोनवर एकालाच विचारावं, 'हे तुमच्याकडे आहे ना?'

आणि उत्तर आलं की एक ओळ परत लिहावी. हे फार थोडे लोक करतात. शुक्रवारच्या आदल्या रात्री लेखकांना वही सापडली. पाचव्या ठिकाणी ६३ पक्षी होते. मी लिहिलं, 'मिळालं सर. ६३ घातले, बेरीज ४८१ झाली, प्रकरण उद्या बाकीच्यांबरोबरच जातंय.'