तीन शिट्ट्यांचा भात

यंदा सोसायटीच्या गणपतीत नाटक नको, पडद्यावर चार मिनिटांची विनोदी फिल्म दाखवू, असं ठरलं आणि 'तू लिहितोस ना काहीतरी' एवढ्या पुराव्यावर ती माझ्या गळ्यात पडली.

गोष्ट साधी. मुलगा घरून लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत देतोय आणि आई आत कुकर लावून पूजेला बसलीय. शिट्टी होते. आई ओरडते, "किती झाल्या रे?" मुलगा कसनुसा हसत म्हणतो, "एक." मग मॅडम विचारतात, अनुभव किती वर्षांचा? नेमकी तेव्हाच शिट्टी. आई विचारते, "किती झाल्या?" तो म्हणतो, "दोन." पाच वर्षं घासलेल्या पोराच्या नावापुढे मॅडम 'दोन' लिहून घेतात. तिसरी शिट्टी होते आणि आईने तोंड उघडायच्या आत लॅपटॉपमधून मॅडमच म्हणतात, "तीन. गॅस बंद करा."

पहिल्या वेळी नुसती ओळख, दुसऱ्या वेळी सवय, तिसऱ्या वेळी त्या सवयीचा घात. शर्यत लावताना 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक असतं.

आईचं काम करणाऱ्या काकूंना मात्र मान्य नव्हतं. "तीन शिट्ट्यांत आमची तूरडाळ शिजत नाही. पाच तरी हव्यात. लोक मला काय म्हणतील?" मी समजावलं, की दुसऱ्या शिट्टीलाच लोक पुढचं ओळखतात. चौथीपर्यंत ताणलं तर ते आपल्या आधी विनोद करून मोकळे होतात. काकू म्हणाल्या, "होऊ देत मोकळे, डाळ तर शिजेल!" शेवटी कुकरात भात आहे असं ठरलं, तेव्हा कुठे त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

सेक्रेटरी वाचनाला आले. सगळं ऐकून म्हणाले, "छान आहे, पण यात संदेश काय?" तालमीला आले, पुन्हा तेच, "संदेश?"

हिरोची वेगळीच तऱ्हा. पहिल्याच शिट्टीला तो भूकंप झाल्यासारखा दचकायचा. म्हटलं, बाबा रे, पहिली शिट्टी ही शिट्टीच असू दे. आत्ताच एवढा हललास तर तिसरीला जाशील कुठे? शिवाय प्रेक्षकाला लगेच वास लागतो, की हे काहीतरी मुद्दाम चाललंय. कॅमेराही तिन्ही वेळा त्याच जागी ठेवला, कारण चौकट बदलली की 'हे मघाशी झालं होतं' हे कळायला लोकांना अर्धा क्षण लागतो आणि विनोदाला तेवढा उशीर परवडत नाही. कुकर अर्थात कुणाचं ऐकत नाही. त्याची शिट्टी काकूंच्या स्वयंपाकघरात फोनवर वेगळी रेकॉर्ड केली आणि एडिटिंगमध्ये हवी तिथे बसवली.

मॅडमचं वाक्य आधी 'तीन शिट्ट्या झालेल्या आहेत, आता तुम्ही गॅस बंद करा' असं होतं. हसू फुटतं 'तीन'वर. पुढचं 'झालेल्या आहेत' त्या हशात बुडतं किंवा हशालाच बुडवतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून फटका मारायचा शब्द सापडला की उरलेलं वाक्य निर्दयपणे छाटावं लागतं. वाक्य कमी केलं म्हणून मॅडमचं काम करणारीनं दोन दिवस अबोला धरला.

शूटिंगच्या दिवशी सेक्रेटरी दारात दिसले. त्यांनी तोंड उघडताच मी ओरडलो, "पाणी वाचवा!" ते बिचारे म्हणाले, "अहो, वडे आलेत का, एवढंच विचारत होतो."

एडिटिंग करणारा कॉलेजकुमार शिट्टीवर इतका खूश झाला, की ती जिथे तिथे पेरायला लागला. मी त्याला अडवलं. मुलाखतीतल्या तीन शिट्ट्या लागोपाठ येतात, कारण त्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो. पण तीच गंमत फिल्मभर पुरवायची तर मध्ये लोकांना तिचा विसर पडू द्यावा लागतो, आणि परत येताना जागा आणि माणसं तरी बदलावी लागतात. म्हणून पुढचं मिनिटभर कुकरचं नाव नाही. मग मुलाचा ऑफिसातला पहिला दिवस. भयाण शांतता, सगळ्यांच्या माना खाली. कँटीनमधून शिट्टी येते आणि सगळं ऑफिस मान वर न करता एका सुरात म्हणतं, "एक."

पडद्यासमोर बसलेले पोट धरून हसले. प्रसादाच्या रांगेतून उशिरा आलेल्यांनी मात्र पहिल्या दोन शिट्ट्या ऐकल्याच नव्हत्या. 'तीन' ऐकून शेजारी का हसतोय, हे ते त्यालाच विचारत बसले, त्यामुळे ऑफिसचा 'एक'सुद्धा दोघांचाही हुकला.

नंतर काकूंभोवती ही गर्दी! मला वाटलं, अभिनयाचं कौतुक चाललंय. जवळ गेलो तर एक आजी विचारत होत्या, "तांदूळ इंद्रायणी की कोलम? आणि पाणी किती घातलं होतंस?"