"डोक्याकडे बघितलंच नाही" या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

रिव्ह्यू (एक स्टार): "मिस्टरांना दोन दिवस ताप आणि डोकं फुटेल इतकं दुखत होतं. दीड तास बसवून ठेवलं, डोक्याकडे बघितलंच नाही. सीटी स्कॅन लिहून द्या म्हटलं तर नाही म्हणाले. ३०० रुपये घेऊन साधी पॅरासिटामॉल! मेंदूज्वर असता तर? नंतर डेंग्यू निघाला."

ताई, नमस्कार. थांबावं लागलं त्याबद्दल खरंच सॉरी. पावसाळ्यात संध्याकाळी तापाचे पेशंट इतके येतात की नंबर मागे पडत जातो, आणि अंगात ताप असताना बाकड्यावर बसायचं म्हणजे काय त्रास असतो ते मला कळतं. पण डोक्याबद्दल जे लिहिलंय ते मनाला लागलं. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंय म्हणून मीही इथेच लिहितो.

तुम्ही तेव्हा केबिनमध्येच होतात. मिस्टरांना टेबलावर झोपवलं, डोक्याखाली हात घालून मान हळूहळू वर उचलली, हनुवटी छातीला आरामात टेकली. मेंदूज्वराचीच तपासणी होती ती. मेंदूच्या आवरणाला सूज आली की बहुतेक वेळा मान लाकडासारखी ताठ होते, वाकवायला गेलं तरी वाकत नाही. मग आज वार कोणता, इथे कसे आलात असं विचारलं, तुम्हाला त्या गप्पा वाटल्या असतील पण पेशंट भानावर आहे का ते त्यातूनच कळतं. फिट आली होती का, हातापायात जोर कमी वाटतो का, डबल दिसतं का, हेही विचारलं. सगळ्याला नाही. डोळे इकडे तिकडे फिरवले की डोळ्यांच्या मागे दुखतं असं ते स्वतःच म्हणाले, आणि ते ऐकूनच मी डेंग्यूची एनएस-१ टेस्ट आणि सीबीसी लिहिली, सोबत मलेरियाची पण. दुसऱ्याच दिवशी एनएस-१ पॉझिटिव्ह आली ती याच चिठ्ठीवर केलेली टेस्ट होती ताई, ते तुमच्या रिव्ह्यूत कुठेच नाही.

आता डोकं एवढं का दुखतं ते सांगतो. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही, दुखतं ते त्याच्या आवरणाला, तिथल्या रक्तवाहिन्यांना आणि डोक्या-मानेच्या स्नायूंना. शरीर इन्फेक्शनशी लढताना रक्तात जी रसायनं सोडतं त्यांनीच ताप चढतो आणि त्यांनीच या जागा हुळहुळ्या होतात, जंतू मेंदूत शिरलेला नसला तरी. म्हणून फ्लूत अचानक अंगदुखी-खोकल्यासोबत डोकं ठणकतं, मलेरियात थंडी वाजून ताप चढला की दुखतं आणि घाम येऊन उतरला की बरंच हलकं होतं, टायफॉइडमध्ये ताप दिवसेंदिवस चढत जातो आणि कपाळ जड राहतं. मलेरिया मेंदूत जाऊ शकतो हे खरंय, फाल्सिपेरम नावाच्या प्रकारात जातो, पण तेव्हा पेशंट नुसता डोकं धरून बसत नाही, तो गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, झटके येतात.

आणि स्कॅनचं म्हणाल तर मेंदूज्वराच्या सुरुवातीला सीटी स्कॅन बऱ्याचदा नॉर्मलच येतो. खरं निदान पाठीतून पाणी काढून होतं, आणि डेंग्यूत प्लेटलेट्स उतरलेल्या असतील तर तिथे सुई घालणं रिस्कचं असतं. म्हणजे नसत्या खर्चाने तुम्हाला खोटा दिलासा मिळाला असता. पॅरासिटामॉल "साधी" वाटली, पण डेंग्यूची शंका असताना ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन दिलं तर रक्तस्राव वाढू शकतो म्हणून ती औषधं मुद्दाम दिली नाहीत. स्ट्राँग गोळी देऊन पेशंट खूश करणं मलाही जमलं असतं, दवाखाना मलाही चालवायचाय.

एक मान्य करतो, पहिल्या दिवशी मान मोकळी आहे म्हणजे पुढेही राहील असं नसतं, आणि तान्ह्या बाळांत किंवा म्हाताऱ्या माणसांत ती ताठ न होताही मेंदूज्वर असू शकतो. म्हणूनच चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं होतं, मान वाकेना, उलट्या थांबेनात, बडबड सुरू झाली, फार झोपाळू वाटले, फिट आली तर रात्री-अपरात्री सुद्धा थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. डेंग्यूत पोट जोरात दुखणं आणि हिरड्यातून रक्त हेही त्यात होतं, कारण त्यात खरा धोका ताप उतरतो त्या दिवसांत असतो. चिठ्ठी घरी असेल तर उलटून बघा.

गर्दीचं बघतोय, तापाच्या पेशंटला आधी आत घेता येईल असं काहीतरी करणार आहोत, आणि तपासताना काय बघतोय ते नातेवाईकांना तिथल्या तिथे सांगत जाईन. मिस्टरांची तब्येत आता कशी आहे? स्टार एकच ठेवा हवं तर, पण डोक्याकडे बघितलं नाही एवढं वाक्य कृपया बदला, ते वाचून कालपासून फोन येतायत.