हजाराचं दप्तर आणि तीनशेचं विमानभाडं

आयातदारांच्या ग्रुपांवर दर एप्रिल-मेमध्ये फिरणारा मजकूर असा: “पुरवठादाराने उशीर केला तर जहाजाची वाट बघू नका, सगळा माल विमानाने उचला. दप्तर हजाराला जातं, विमानभाडं नगामागे तीनशे. हिशोब उघड आहे. फळी रिकामी राहिली की तेवढी विक्री बुडालीच, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.”

मी पुण्यात दप्तरांच्याच धंद्यात खरेदी बघतो, म्हणून आमच्याच एका मोसमाचे आकडे मांडतो. फुजियानमधल्या कारखान्याकडून ३,००० दप्तरं यायची होती आणि माल अडीच आठवडे उशिरा, १२ मेला तयार झाला. श्यामेनहून न्हावाशेवा आणि पुढे गोडाऊन, दोन्हीकडचं बंदर धरून महिना, म्हणजे ११ जून. विमानाने दहा दिवस, म्हणजे २२ मे. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा ऐन गर्दी या दोन तारखांच्या मधे येत होती.

पहिलं, ते हजार. त्यातले १५३ रुपये जीएसटीचे, ते आपले नव्हेतच. कार्ड, कमिशन, पोचवणूक यांत आणखी सत्तावन्न जातात. हातात उरतात ७९०. जहाजाने आलेलं दप्तर ड्युटीसकट गोडाऊनला ४९० ला पडतं. म्हणजे एक विक्री हुकली की ३०० रुपये जातात, हजार नाही. दप्तर कुठे पळून जात नाही, पुढच्या मोसमात विकलं जातं आणि तेवढी खरेदी कमी करावी लागते. अडकलेल्या पैशाचं व्याज तेवढं वर पडतं.

पण हे साध्या, एकरंगी दप्तराचं झालं. चित्रछापाची दप्तरं दरवर्षी बदलतात. यंदाचं चित्र पुढच्या जूनमध्ये पोर हातात धरत नाही, उरलेला माल आम्हाला निव्वळ २७० ला काढावा लागतो. तिथे हुकलेल्या विक्रीचा फटका ७९० वजा २७०, म्हणजे ५२० चा. मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने जाणारी ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच त्याने सांगितलेली नाही.

आता ते तीनशे. विमानवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायचं. आमची पेटी ६० बाय ४० बाय ५०. काट्यावर १२ किलो, बिलात २०. पेटीत वीस दप्तरं, म्हणजे ६०० ग्रॅमच्या दप्तराला किलोभर भाडं. सगळा माल उचलला असता तर दर किलोला ३०० होता. जहाजाचे वाचणारे ३० वजा करा, वाढीव ड्युटी दहाएक रुपये धरा, नगामागे २८० जास्त. ड्युटी एवढीच वाढते याचं कारण कस्टमचे २००७ चे मूल्यांकन नियम: विमानभाडं कितीही असो, ड्युटीसाठी ते एफओबी, म्हणजे भाडं-विमा सोडून मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मोजलं जातं. आयातदाराला अशी सवलत क्वचित मिळते, आणि आमच्याकडे ती माहीत नसलेले एजंटही भेटलेत.

थोडा माल उचलायचा तर दर चढतो. दहा पेट्यांना किलोमागे ३३० सांगितले. शिवाय कस्टमला द्यायची वेगळी बिल ऑफ एन्ट्री, सहारच्या टर्मिनलचा आकार, एजंटची फी मिळून १२,०००. दोनशे नगांवर वाटले की साठ-साठ. मग जास्तीचा खर्च २८० नाही, ३७० होतो.

“फळी रिकामी राहिली की तेवढी विक्री बुडालीच” हे मात्र सपशेल चूक. एक तर फळी २२ मेला रिकामी होणार नव्हती. त्या दिवशी हातात ६०० दप्तरं असणार होती आणि रोजची विक्री साठ, चाळीस साधी आणि वीस चित्रांची. तेव्हा माल ३१ मेपर्यंत पुरत होता. तुटवडा १ ते १० जून या दहा दिवसांचाच: ४०० साधी, २०० चित्रांची. बाकीच्या २,४०० दप्तरांना विमानात बसवून त्यांना फळीवर आठवडे आधी बसवण्यापलीकडे काही साधत नव्हतं.

आणि त्या सहाशेतलेही सगळे हात हलवत परत जात नाहीत. आमच्या गल्ल्याशेजारी एक दोनशेपानी वही असते. मागितलेला नग नसला की मुलगा एक रेघ ओढतो, पुढे “दुसरं घेतलं” किंवा “गेले”. आदल्या जूनच्या रेघा मोजल्या तर साधं दप्तर मागणाऱ्यांतले निम्मे दुसऱ्या रंगावर राजी झाले होते. चित्र मागणाऱ्यांतले दहातले नऊ निघून गेले, कारण तिथे निवड आईची नसते.

मग हिशोब असा. साध्याचा अपेक्षित तोटा ३०० चा निम्मा, १५०. त्यासाठी २८० देखील घालायचे कारण नाही. चित्राच्या दप्तराचा ५२० च्या नव्वद टक्के, ४६८. तिथे ३७० घालून ९८ सुटतात. सगळा माल उचलला असता तर ८ लाख ४० हजार जास्त गेले असते, आणि वाचली असती ती ४०० साध्यांची ६०,००० आणि २०० चित्रांची ९३,६००, म्हणजे दीड लाखाच्या घरात. आम्ही चित्रांच्या दहा पेट्या उचलल्या. फायदा १९,६००. एवढ्या धावपळीला फार नाही, पण तोटाही नाही.

गेलेल्या गिऱ्हाइकाबद्दल थोडक्यात. दप्तर वर्षातून एकदा घेतलं जातं, पालक आमच्याकडे एवढ्यासाठी रुसत नाहीत. ज्यांचा माल मोठ्या दुकानसाखळीला किंवा शाळांना ठरलेल्या तारखेला जातो त्यांचं वेगळं, तिथे करारातला दंड आणि पुढची ऑर्डर दोन्ही हिशोबात धरावी लागतात. चाकणला एका सुट्या भागापायी जुळणी थांबत असेल तर त्या भागाचं विमानभाडं कुणी विचारूही नये. तिथे अडतो तो एक भाग नव्हे, अख्खी गाडी.

मजकुरात नसलेलं एक: उशीर ज्याचा, भाड्यातला फरक त्याचा, हे ऑर्डरमध्ये आधी लिहिलेलं असेल तर ३७० आपले राहतच नाहीत. आम्ही लिहिलं नव्हतं. चार दिवस घासाघीस करून पुढच्या ऑर्डरवर थोडी सूट पदरात पडली. घासाघीसही कंटेनरला सील लागायच्या आत उरकावी लागली, कारण नंतर दहा पेट्या बाहेर काढून द्यायला कुणी तयार होत नाही.

पेट्या २८ मेला कस्टममधून सुटल्या. घाईची सेवा घेतली नव्हती, १ जूनच्या आत पोचणं पुरेसं होतं. जहाज मात्र ११ ऐवजी १४ जूनला आलं. त्या तीन दिवसांत वहीत चित्राच्या दप्तरापुढे त्रेपन्न वेळा “गेले” लिहिलं गेलं. तीन पेट्या जास्त उचलल्या असत्या तर तेही टळलं असतं.