सूत काही जुळेना

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, गड्ड्याच्या वेळी मागितलेली रजा निदान मे महिन्यात तरी मंजूर झाली. झालं होतं भलतंच. "तुमचं मराठी बरं आहे," साहेब म्हणाले, "तर एक पान लिहून काढा. माल आला की काय करायचं आणि बिल आलं की काय करायचं. एकच पान हं. ऑपरेटर मंडळींनी ते कॉम्प्युटरशेजारी चिकटवायचं आणि मला परत फोन यायला नको."

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. माल आणि बिलांच्या नोंदींचं ईआरपी सॉफ्टवेअर बसवणारे लोक जाताना आम्हाला १४० पानांची इंग्रजी पुस्तिका देऊन गेले होते. तिचा उपयोग होत नव्हता असं अजिबात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा पाचवर असताना टेबलावरची बिलं उडू नयेत म्हणून तिच्याइतकं भरवशाचं वजन आमच्या खात्यात दुसरं नव्हतं.

माझा पहिला मसुदा चार पानांचा झाला. तो घेऊन मी गोदामात अण्णांकडे गेलो. अण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एवढं सगळं लिवलाव, पण किलो आणि बॅगचं कुठंय की ओ?" त्यांचं दुखणं जुनं होतं. सुताची खरेदी ऑर्डर निघते किलोत, अण्णा मोजतात बॅगा. मागे एकदा वीस बॅगा उतरल्या आणि कुणीतरी आलेला माल नोंदवायच्या MIGO या स्क्रीनवर प्रमाणाच्या चौकटीत नुसतं २० टाकून मोकळं झालं. वीस बॅगा म्हणजे हजार किलो. सिस्टिमच्या लेखी आले वीस किलो. गोदामात सुताला टेकून अण्णा डुलकी घेत होते आणि कॉम्प्युटर 'सूत संपलं, मागवा' म्हणून ओरडत होता. मी पानाच्या माथ्यावर लिहिलं : चौकटीशेजारचं एकक आधी वाचा, आकडा मग टाका.

पण खरी पंचाईत पुढे होती. पान लिहायची वेळ ज्या प्रकरणाने आणली, तेच पानात मावत नव्हतं.

झालं होतं असं. एक हजार किलो सुताची ऑर्डर, दर २४० रुपये. ट्रकबरोबर आलेल्या बिलात वीस बॅगा, २,४०,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे १२,०००, एकूण २,५२,०००. ट्रकमधून उतरल्या मात्र एकोणीस. अण्णांनी बिल्टीवर 'एक बॅग कमी' असा शेरा मारून ड्रायव्हरची सही घेतली. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. मग कागद आमच्याकडे आले. त्यात बिल वर होतं आणि बिल्टी खाली. आमच्या नव्या मुलाने वरचा कागद बघून हजार किलो माल आल्याची पावती पोस्ट केली. माल आत घ्यायची 101 नंबरची हालचाल, `Item OK` वर टिचकी, `Post`, आणि साहेब चहाला गेले. (साहेब म्हणजे तो मुलगाच. आमच्याकडे चहाला जाताना सगळेच साहेब असतात.)

गंमत अशी की यानंतर काहीच अडलं नाही. ऑर्डर हजारची, पावती हजारची, बिल हजारचं. तिघांचं सूत असं काही जुळलं की बिल चढवायच्या MIRO या स्क्रीनवर हिरवा दिवा लागला आणि न आलेल्या बॅगेचे पैसे करासकट, १२,६०० रुपये, पुरवठादाराला सुखरूप पोचले. चूक सापडली ती सहामाही मोजणीत, जेव्हा अण्णांच्या नावावर पन्नास किलो सुताची तूट निघाली. अण्णांनी ती बिल्टी जपून ठेवली होती म्हणून बरं. ती टेबलावर आपटली तेव्हा पुस्तिकेखालची बिलंसुद्धा उडाली.

म्हणून दुसरी ओळ लिहिली : पावती करताना बिल उलटं ठेवा, उतरलेला माल आणि बिल्टीवरचा शेरा बघा. म्हणजे पावती ९५० किलोची.

आता बिल. इथे मुलं जे करतात ते बघून मला रडू येतं, कारण ते मीही केलंय. MIRO ऑर्डर नंबर टाकल्यावर आपणहून ९५० किलो आणि २,२८,००० सुचवतं, कारण पावती तेवढ्याचीच आहे. वर आपण बिलाची रक्कम २,५२,००० टाकलेली असते. मग `Balance` मध्ये १२,६०० दिसतात आणि लाल दिवा लागतो. लाल दिवा बघून माणसाचं डोकं चालेनासं होतं. तो वरची रक्कम खोडून २,३९,४०० करतो, दिवा हिरवा होतो, जिवाला गार वाटतं. पण त्या रकमेचं बिल जगात कुठेच नसतं! पुरवठादाराच्या वहीत एक आकडा, आमच्या वहीत दुसरा, आणि वर्षअखेरीला दोन्ही बाजूंचे अकाउंटंट फोनवर एकमेकांचा आवाज ऐकून दमतात.

करायचं ते उलट. वरच्या रकमेला हात लावायचा नाही. खालच्या ओळीत बिलाप्रमाणे १,००० किलो आणि २,४०,००० टाकायचे. दिवा हिरवा होतो, बिल पोस्ट होतं, पण पावतीपेक्षा बिल जास्त म्हणून सिस्टिम स्वतःच पैसे रोखून धरते. हे रोखणं म्हणजे चूक नव्हे, त्यासाठीच तर तिला आणली. मधल्या खात्यात, ज्याला आम्ही जीआर-आयआर म्हणतो, बारा हजार लोंबकळत राहतात. पुरवठादाराची १२,६०० ची क्रेडिट नोट आली आणि पन्नास किलोवर चढवली, की तेही मिटतात.

एवढं लिहीपर्यंत पान भरलं. मग खात्याखात्यांतून भर पडू लागली. अकाउंट्सवाले म्हणाले, बिल नंबर जसाच्या तसा टाका हे हवंच. कारण ०४५७ चं नुसतं ४५७ केलं की तेच बिल, एकदा कागदावरून आणि एकदा ईमेलवरून, दोनदा चढतं आणि सिस्टिमला ती दोन वेगळी बिलं वाटतात. खरेदीवाल्यांना त्यांच्या सूचना हव्या होत्या. साहेबांना वर लोगो हवा होता. अक्षरं बारा पॉइंटवरून सातवर आली. अण्णांनी पान हातात घेतलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यापेक्षा बिल्टी बरी दिसती."

शेवटी मी आमच्या जुन्या ताईंकडे गेलो. त्यांच्या नोंदी कधी चुकत नाहीत. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला कडक भाकरीच्या पुडीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर निळ्या पेनाने तीन ओळी होत्या. "किलो का बॅग? जे उतरलं ते. बिलाला हात नको."

"हे कधी लिहिलंत?"

"ते लोक इंग्लिशमधून शिकवत होते ना सर, तेव्हाच."

मी निमूटपणे त्या तीन ओळी सोळा पॉइंटमध्ये छापल्या, खाली ९५० किलोचं उदाहरण दिलं, लोगो लहान केला आणि साहेबांची सही घेतली. सोमवारी पान सगळीकडे चिकटलं.

मंगळवारी सकाळी ताईंचा फोन. "सर, पान छान आहे. पण आजच्या गाडीतून एकवीस बॅगा उतरल्यात आणि बिल वीसचं आहे. ती मागची हरवलेली बॅग आलीय म्हणे. तिची तर क्रेडिट नोट घेऊन बसलोय आपण. आता?"

मी पान उलटून बघितलं. मागची बाजू अजून कोरी होती.