शटरला रंग किती लागतो?

मिस्त्रीनं उंबऱ्यात उभं राहून भिंतींकडे एकदा पाहिलं आणि 'दहा लिटर आणून ठेवा' म्हणाला. 'एवढा कशाला?' विचारलं, तर गिऱ्हाइकांदेखत, 'शेठ, तुम्हाला नाही कळायचं ते.' अजून खुपतंय. स्टेशनरीचं दुकान चालवतो मी, कागदाची रिमं काय डोळ्यांनी मोजून विकतो?

सातवीतल्या कन्येनं टेप काढला. टोक धरायचं काम मला. दुकान 10 बाय 15, उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी 50, गुणिले उंची, म्हणजे 500 चौरस फूट. शटरचे 8 बाय 8, म्हणजे 64 वजा. भिंतीत ठोकलेल्या 15 फुटी, 7 फूट उंच रॅकमागे रंग जाणारच नाही, ते 105 वजा. उरले 331. छत सोडून.

तेवढ्यात आमच्याकडे फुकट पेपर वाचायला येणारे काका सरसावले.

"पोरी, चुकलीस. दुकान दीडशे स्क्वेअर फुटांचं. करारावर लिहिलंय. पाचशे आले कुठून?"

"काका, दीडशे ही फरशी झाली."

"मग भिंती काय दुकानाबाहेर आहेत?"

तिनं रिकामा खोका उलगडून दाखवला. बूड एक, बाजू चार. काकांनी खोका उलटासुलटा केला, त्यावरची किंमत वाचली आणि विचारलं, "असं असेल तर बिल्डर भिंतींचे पैसे का लावत नाही?"

"लावतो की, बिल्टअपमध्ये," मी म्हणालो. माझ्या फ्लॅटची जखम तिथे उगाच उघडी पडली. काका मात्र खूश झाले. आपण काहीतरी सिद्ध केलं असं त्यांना वाटलं असावं.

डब्यावर लिहिलं होतं, गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे 100 ते 120 चौरस फूट. आमची भिंत जरा खरबरीत, असली भिंत रंग जास्त पिते, म्हणून कन्येनं 100 धरले. साडेतीन लिटरच्या आतच आलं. 4 लिटरचा डबा घेतला. मशीनवर बनवलेली शेड दुकानदार परत घेत नाही, तेव्हा दहा लिटर आणले असते तर उरलेल्या रंगाला गिऱ्हाईक मीच. मिस्त्रीचे दहा लिटर कुठून आले, हेही मग कळलं. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन असतं. टोकन त्याचं, डबा माझा.

रंग पुरला. पण मजुरीचं बिल आलं 500 चौरस फुटांचं.

"शटर रंगवलंत का?" कन्येनं विचारलं.

"मजुरीत वजावट धरत नाहीत, ताई. रिवाज आहे."

म्हणजे रंग घेताना शटर हे भोक आणि पैसे घेताना भिंत! मी 331च्या पुढे एक पैसा देणार नाही म्हणालो, मिस्त्री पाचशेवरून हलेना. काकांनी पेपर खाली केला.

"भांडू नका. दीडशेचे द्या."