बूस्ट कुठे परवडतं, कुठे नाही

"बॅज आणि लेव्हल नसेल तर क्लायंट ढुंकूनही बघत नाही. मधल्या फळीत अडकलेल्यांनी सरळ Plus घ्यावं, Available now चा बॅज कायम चालू ठेवावा आणि एकही प्रपोजल बूस्ट केल्याशिवाय पाठवू नये. महिन्याला काही हजार जातात, पण एका कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळं वसूल होतं. लेव्हल वाढली की कमिशनही कमी पडतं." – बडोद्यातल्या फ्रीलान्सरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरणारा संदेश

संदेश आहे अपवर्क आणि फायव्हर या ऑनलाइन काम मिळवायच्या साइटींबद्दल. बूस्ट करणं म्हणजे जादा खर्च करून आपलं प्रपोजल, म्हणजे कामासाठीचा अर्ज, वर आणणं. वसुलीपासूनच सुरुवात करू, कारण सगळी चूक तिथे आहे. कॉन्ट्रॅक्टची रक्कम ही वसुली नव्हे. कमिशन आणि स्वतःच्या वेळेचं मोल वजा करून जे उरतं, तेवढ्यातूनच जाहिरातीचा खर्च निघायला हवा.

मांजलपूरला घरी बसून शीट मेटलची ड्रॉइंग करणारी एक फ्रीलान्सर समोर ठेवू. अपवर्कवर तिचं नेहमीचं काम 180 डॉलरचं. तिथलं कमिशन मे 2025 पासून कॉन्ट्रॅक्टप्रमाणे 0 ते 15 टक्के असतं. आपण 10 धरू, म्हणजे हातात 162. कामाला 12 तास लागतात. तेच तास तिने मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला दिले असते तर तासाला 8 डॉलरइतके सुटले असते, म्हणून 96 वजा. उरले 66. एका कॉन्ट्रॅक्टमागे खर्चाला एवढीच जागा आहे, 180 ची नव्हे.

आता तिच्या मागच्या 40 प्रपोजलांचा हिशेब, एकही बूस्ट न केलेल्या. अपवर्कवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट नावाची टोकन खर्चावी लागतात. प्रत्येकाला सरासरी 12 कनेक्ट लागले. एक कनेक्ट 0.15 डॉलरचा, म्हणून एकूण 480 कनेक्ट, म्हणजे 72 डॉलर. चाळीसपैकी 14 क्लायंटनी उघडली आणि 2 कामं मिळाली. दोन कामांचे 132, त्यातून 72 गेले, राहिले 60. फार नाही, पण तोटाही नाही.

हीच चाळीस बूस्ट केली असती तर? बूस्ट म्हणजे लिलाव असतो. क्लायंटला दिसणाऱ्या यादीतल्या वरच्या मोजक्या जागांसाठी कनेक्टची बोली लावायची, आणि कुणी तुमच्यावर चढवली की बोलीचे कनेक्ट परत मिळतात. परत आलेले सोडून प्रत्येकामागे 20 कनेक्ट खरोखर गेले असं धरा. हा आकडा अंदाजाने लिहू नका, कनेक्टच्या हिस्टरीत प्रत्येक खर्च आणि प्रत्येक परतावा वेगळा दिसतो. तर 20 कनेक्ट म्हणजे 3 डॉलर, चाळिसांचे 120. एकूण खर्च 192. आधीचे 60 तरी हातात राहावेत यासाठी 252 डॉलर मिळायला हवेत, आणि 66 च्या हिशेबाने ती जवळजवळ चार कामं होतात. दोनाच्या जागी चार.

बूस्टने प्रपोजल वर येतं, अधिक चांगलं होत नाही. उघडलेल्या सातांतून एक काम हे तिचं प्रमाण तसंच राहणार, म्हणून चार कामांसाठी 14 ऐवजी साधारण 28 प्रपोजलं उघडली जायला हवीत. हे शक्य आहे का, ते न उघडलेल्या 26 कडे बघितल्याशिवाय कळत नाही. कुणी तिकडे बघतच नाही.

त्या प्रत्येक जॉबचं पान पुन्हा उघडा. खाली Activity on this job मध्ये Last viewed by client, Interviewing, Invites sent आणि Hires असे आकडे असतात. तुम्ही प्रपोजल पाठवल्यानंतर क्लायंट त्या जॉबकडे फिरकलेलाच नसेल, तर तुम्ही पहिले होतात की चाळिसावे याने काही फरक पडत नव्हता. उलट क्लायंट येऊन गेला, दोघातिघांशी बोलला, कुणालातरी काम दिलं आणि तुमचं तेवढं उघडलं नाही, तर तिथे वरची जागा कामी आली असती. आपल्या उदाहरणात 26 पैकी 15 पहिल्या प्रकारचे आणि 11 दुसऱ्या प्रकारचे निघाले असं समजा. मग अकराच्या अकरा वाचली असती तरी उघडलेली होतात 25. लागतात 28. सरसकट बूस्ट इथेच बुडतं, लिलावात कितीही हुशारीने बोली लावली तरी.

याचा अर्थ बूस्ट नेहमी वायाच जातं असा मात्र नाही. बूस्टचा खर्च भागिले कामामागे हातात उरणारी रक्कम, एवढा एकच भागाकार करायचा. 180 च्या कामाला 3 भागिले 66, म्हणजे साडेचार टक्के. तिची काम मिळण्याची मूळ शक्यता चाळिसात दोन, म्हणजे 5 टक्के. ती साडेनऊवर गेली तर कुठे बरोबरी. आता 600 डॉलरचं, 40 तासांचं काम घ्या. कमिशन जाऊन 540, वेळेचे 320 वजा, उरले 220. बोली चढी, 30 कनेक्टची, म्हणजे साडेचार डॉलर. भागाकार येतो दोन टक्के. पाचाचे सात झाले की पैसे निघाले. म्हणून चाळिसांतली पाच-सहा मोठी, आपल्या हातखंड्याची, नुकतीच पडलेली कामं बूस्ट करणं शहाणपणाचं. बाकीच्यांवर तेच पैसे टाकणं म्हणजे उधळपट्टी. एक पथ्य आहे: चाळिसाच्या चाळीस उघडली जाऊनही उत्तर येत नसेल, तर दोष पहिल्या दोन ओळींत किंवा पोर्टफोलिओत आहे. तिथे बूस्टने नकार लवकर मिळतो, एवढंच.

आता Plus. इथे नावाचाच घोटाळा आहे. Freelancer Plus ही विकतची मेंबरशिप. Top Rated Plus हा कमावलेला बॅज, त्यासाठी इतर अटींबरोबर 12 महिन्यांत 10,000 डॉलरची कमाई लागते. पहिली घेतल्याने दुसरा मिळत नाही, आणि मेंबरशिप घेऊन बॅजची वाट बघत बसलेले लोक खरोखर आहेत. मेंबरशिपची किंमत महिना 20 डॉलरच्या घरात, सोबत 100 कनेक्ट. सुटे घेतले तर त्याच कनेक्टना 15 डॉलर पडतात. म्हणजे जादा जातात ते पाच डॉलर, आणि त्याच्या बदल्यात मुख्यतः दुसऱ्यांनी त्या कामासाठी मागितलेल्या दरांची कमाल-किमान पातळी दिसते. महिन्याला शंभराहून जास्त कनेक्ट खरोखर लागत असतील तर ते पाच डॉलर जड नाहीत. चाळीसच लागत असतील तर सुटे घ्या. किंमती बदलत असतात, म्हणून स्वतःच्या स्क्रीनवरचा आकडा घालून हीच वजाबाकी करा. कार्डाने पैसे भरत असाल तर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटीही त्यात धरा.

बॅजबद्दल मात्र संदेश अर्धा खरा आहे. Top Rated चा उपयोग होतो. क्लायंट शोधताना त्यावर फिल्टर लावू शकतो, आणि तिथून आलेल्या इन्व्हाइटला उत्तर द्यायला कनेक्ट लागत नाहीत. पण तो पैशाने मिळत नाही. जॉब सक्सेस स्कोअर 90 टक्के किंवा वर, 12 महिन्यांत 1,000 डॉलर, आणि मागच्या 16 पैकी 13 आठवडे पात्रता टिकलेली, अशा त्याच्या अटी. मधल्या फळीतल्याचं घोडं अडतं ते स्कोअरवर, आणि तो बहुतेक वेळा 'लेव्हल वाढवू' म्हणून घेतलेल्या दहा-दहा डॉलरच्या किरकोळ कामांनीच पाडलेला असतो. क्लायंट जाहीर पाच तारे देतो आणि खासगी प्रतिसादात वेगळंच लिहितो. ते तुम्हाला दिसत नाही, स्कोअरमध्ये मात्र येतं. तारे सगळे पूर्ण असून स्कोअर 84 दिसतो तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. पैसे न मिळता बंद झालेली किंवा तशीच उघडी पडलेली कॉन्ट्रॅक्टंही तपासा. अशा वेळी नवीन स्वस्त कामं घेऊ नका. जुन्या समाधानी क्लायंटचं मोठं काम वाढवा, कारण मोठ्या आणि लांब चालणाऱ्या कामाचं वजन स्कोअरमध्ये जास्त असतं.

Available now चा बॅज कनेक्ट खाऊन चालतो आणि तो लागला की क्लायंटला लगेच उत्तर हवं असतं. नवरात्रात तो चालू ठेवणारा बडोदेकर विरळाच सापडावा, पण सापडतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि क्लायंटचे मेसेज यायला लागतात ते ऐन गरब्याला निघायच्या वेळी. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर त्याने दुसऱ्याला घेतलेलं असतं. बॅज लावायचाच तर चार आठवडे चालू, चार आठवडे बंद, आणि दोन्हीकडे आपल्या कामाचे इन्व्हाइट किती आले तेवढंच मोजा. तिनाचे पाच झाले म्हणून हुरळून जाऊ नका, एवढा फरक बॅजशिवायही पडतो. तिनाचे दहा झाले तर गोष्ट वेगळी.

राहिलं कमिशन. फायव्हरवर ते 20 टक्के आहे, नव्या सेलरला आणि टॉप रेटेडलाही. लेव्हलने पैसे हातात यायचा काळ बदलतो: एरवी 14 दिवस, टॉप रेटेडला 7. लेव्हलसाठी ऑर्डर, वेगवेगळे क्लायंट, कमाई, रेटिंग, प्रतिसादाचं प्रमाण आणि 2024 पासून एक ते दहाचा सक्सेस स्कोअर असं सगळं बघतात. लेव्हल 1 वरून 2 ला जाताना लोक बहुधा या शेवटच्या अटीवर अडकतात, आणि ती जाहिरातीने हलत नाही.

फायव्हरवर आपण विकायला ठेवलेली सेवा म्हणजे गिग. पैसे देऊन वर आणलेल्या, म्हणजे प्रमोटेड गिगलाही वरचाच भागाकार लावा, फक्त खर्च क्लिकमागे धरा. 60 डॉलरच्या गिगमधून 48 मिळतात, वेळेचे 24 गेले, उरले 24. क्लिक 60 सेंटला पडत असेल तर चाळीस क्लिकांत एक तरी ऑर्डर हवी. पण जाहिरातीच्या पॅनेलवरच्या ऑर्डरींवर विसंबू नका, त्यातल्या काही तशाही आल्या असत्या. दोन आठवडे जाहिरात बंद ठेवा आणि त्या गिगच्या एकूण ऑर्डरी, पॅनेलच्या नव्हे, आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून बघा.