वीस चिंचोके आणि पाचाच्या पटीचा दावा

«20 चिंचोके ठेवा. दोघांनी आळीपाळीने 1, 3 किंवा 4 उचलायचे. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. गुपित सोपं आहे: सगळ्यात मोठी चाल 4, त्यात 1 मिळवा, 5 झाले. समोरच्यापुढे कायम 5 च्या पटीत चिंचोके ठेवा. 20 ही 5 ची पट, म्हणून पहिला खेळणारा हरणारच. शेवटचा उचलणारा हरतो असं ठरवलं तर उत्तर बरोबर उलटं होतं. कॉम्प्युटर हे मिनिमॅक्सने काढतो, पण त्याला हजारो डाव तपासावे लागतात, कागदावर ते होणार नाही. आणि समोरचा चुकला की मिनिमॅक्सचं सगळं गणित कोसळतं.»

पाचाची पट

आधी फक्त 5 चिंचोके घेऊ. पाळी तुमची आहे. तुम्ही 3 उचला, 2 उरतात. समोरच्याला 3 किंवा 4 उचलता येत नाहीत, कारण तेवढे नाहीतच. 2 उचलायची मुभा नियमात नाही. त्याला 1 उचलावाच लागतो आणि शेवटचा तुमच्या हातात येतो. म्हणजे 5 समोर असलेला खेळाडू हरत नाही, तीन चालींत जिंकतो. गुपिताची अगदी पहिली पायरीच चुकीची आहे.

हा नियम कुठून आला तेही सांगता येतं. 1, 2 किंवा 3 उचलायच्या खेळात 4 ची पट खरोखर चालते. समोरच्याने 1 उचलला तर तुम्ही 3, त्याने 2 तर तुम्ही 2, त्याने 3 तर तुम्ही 1. प्रत्येक चालीला जोडीदार आहे आणि दोघांची बेरीज 4 होते. आपल्या खेळात बेरीज 5 करायची तर 1 ला 4 चा जोडीदार मिळतो, 4 ला 1 चा, पण 3 ला 2 हवा आणि तो नाही. म्हणून समोरच्याने 3 उचलले की तुमची साखळी तुटते. असा कुठलाही नियम तुमच्यापर्यंत आला, तर प्रत्येक चालीचा जोडीदार यादीत आहे का एवढं बघा. एक जरी नसला तरी नियम आपोआप खरा ठरत नाही.

मग खरं उत्तर कसं काढायचं

शेवटापासून मागे यायचं. प्रत्येक संख्येवर एक खूण करायची: ज्याची पाळी आहे तो जिंकू शकत असेल तर «जि», नाहीतर «ह». 0 वर «ह», कारण समोर काहीच नाही म्हणजे शेवटचा चिंचोका समोरच्याने उचलला. त्यानंतर दोनच नियम. एक तरी चाल «ह» वर पोचवत असेल तर ती जागा «जि», कारण ती हरलेली जागा आपण समोरच्याच्या गळ्यात मारतो. सगळ्या चाली «जि» वरच जात असतील तर ती जागा «ह».

1 वरून 0 गाठता येतो, म्हणून «जि». 2 वरून एकच चाल, 1 वर, आणि तो «जि», म्हणून 2 «ह». 3 आणि 4 वरून थेट 0, दोन्ही «जि». 5 वरून 3 उचलून 2, «जि». 6 वरून 4 उचलून 2, «जि». 7 जवळून बघा: तिथून 6, 4 किंवा 3 वर जाता येतं आणि तिन्ही «जि» आहेत. सुटका नाही, 7 «ह». याच रीतीने पुढे गेलं की 8 «जि», 9 «ह», मग 10 ते 13 सगळे «जि», 14 «ह», 15 «जि», 16 «ह», आणि 17 ते 20 «जि».

हरलेल्या जागा 0, 2, 7, 9, 14, 16 एवढ्याच. 20 त्यांत नाही. पहिल्या खेळाडूने 4 उचलून 16 ठेवले की खेळ त्याचा. समोरच्याने 1 उचलला तर 15 उरले, आपण 1 उचलून 14 करायचे. त्याने 3 उचलले तर आपण 4, त्याने 4 उचलले तर आपण 3, दोन्ही वाटा 9 वर येतात. 20 वरून जिंकणारी चाल ही एकच आहे. 3 उचलले तर 17 आणि 1 उचलला तर 19 उरतात, दोन्ही समोरच्यासाठी «जि».

सात-सातांनी तीच नक्षी फिरते आहे, आणि हा नुसता योगायोग नाही. कुठल्याही संख्येची खूण तिच्या मागच्या चार खुणांवरूनच ठरते, कारण सगळ्यात लांब उडी 4 ची आहे. 0 ते 3 च्या खुणा «ह, जि, ह, जि» आहेत आणि 7 ते 10 च्याही तशाच. चार खुणा पुन्हा तशाच आल्या की पुढचं सगळं तसंच येणार. म्हणून 1000 चिंचोक्यांचं उत्तरही हातात आहे: 7 ने भागून बाकी 6, तेव्हा 4 उचला म्हणजे बाकी 2 उरेल.

हजारो डाव आणि कागद

हजारांचा आकडा खोटा नाही. 20 पासून शेवटपर्यंतचे वेगवेगळे डाव मोजले तर ते 7921 भरतात. पण तो आकडा डावांच्या झाडाच्या टोकांचा आहे, जागांचा नाही. जागा 0 ते 20 मिळून 21 आणि त्यांच्यामधल्या चाली 55. वर आपण तेवढंच काम केलं.

फरक पडतो तो एकच जागा झाडात अनेकदा येते म्हणून. 16 वर येण्याचेच चार रस्ते आहेत: एकदम 4, आधी 3 मग 1, आधी 1 मग 3, किंवा चार वेळा 1. झाड हा प्रत्येक रस्ता वेगळी फांदी धरून वाढतं. खुणा करणारा 16 एकदाच सोडवतो आणि चारही रस्त्यांना तेच उत्तर देतो. मिनिमॅक्स म्हणजेही हेच, फक्त लिहायची पद्धत वेगळी. तिथे एका खेळाडूला «मी» ठरवून माझ्या जिंकण्याला +1 आणि हरण्याला −1 देतात. माझ्या पाळीला मोठ्यात मोठी किंमत उचलायची, समोरच्याच्या पाळीला लहानात लहान. त्या पद्धतीत 16 ची किंमत माझ्या पाळीला −1 आणि त्याच्या पाळीला +1 असते. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की उत्तरं एकाआड एक उलटी येतात, आणि नवशिक्यांचा प्रोग्राम बहुतेक वेळा इथेच फसतो.

प्रोग्रामच लिहायचा असेल तर तो एवढाच आहे:

```python
moves = (1, 3, 4)
win = [False]
for n in range(1, 21):
    win.append(any(m <= n and not win[n - m] for m in moves))
print([n for n in range(21) if not win[n]])
```

उत्तर `[0, 2, 7, 9, 14, 16]`. यातली `m <= n` ही तपासणी काढून बघा. पायथॉन कुरकुर करत नाही, उणे क्रमांक आला की यादी शेवटून मोजतो. 2 वरून 4 उचलल्याचं तो खुशाल मानतो, `win[-2]` म्हणजे 0 ची खूण वाचतो आणि 2 ला «जि» ठरवतो. तिथून पुढचं कशावरच विसंबता येत नाही. म्हणून पहिली चार-पाच उत्तरं हाताने काढून ताडून पाहावीत.

मोठ्या खेळांत हे सगळं कागदावर मावत नाही, हे खरं. फुलीगोळ्यात 5478 जागा आणि 255168 डाव निघतात. चेकर्स हा खेळ जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठात 2007 मध्ये सोडवला. दोघेही बिनचूक खेळले तर तो बरोबरीत सुटतो. त्यांनीही प्रत्येक जागेवर खूण केली नाही. पटावर 10 किंवा कमी सोंगट्या उरलेल्या जागा शेवटापासून मागे येत सोडवून ठेवल्या आणि सुरुवातीपासूनचा शोध त्यांना नेऊन भिडवला. शिवाय तिथे जुनी जागा फिरून येऊ शकते, चिंचोके मात्र प्रत्येक चालीला घटतातच. जागा फिरून येत असतील तर लहानापासून मोठ्याकडे सरळ चढत जाता येत नाही. आधी संपलेल्या जागांवर खुणा करून त्यांच्यापासून मागे पसरत जावं लागतं, आणि ज्यांवर खूण पोचतच नाही त्या बरोबरीच्या.

शेवटचा उचलणारा हरतो

इथे बदलते फक्त 0 ची खूण. 0 समोर असलेला आता जिंकला, म्हणून «जि». बाकीच्या खुणा मात्र पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागतात, जुन्यांची उलटापालट करून चालत नाही. 1 वरून 0 वर जावंच लागतं, म्हणून 1 «ह». 2 «जि». 3 वरून 2 किंवा 0, दोन्ही «जि», म्हणून 3 «ह». 4 वरून 1 उचलून 3 गाठता येतो, «जि». जुन्या खेळातही 4 «जि» होता, उलटा झाला नाही. पुढच्या हरलेल्या जागा 8, 10, 15, 17. आधीची यादी एकेक घराने सरकली आहे. 20 अजूनही पहिल्याचाच, फक्त आता 4 ऐवजी 3 उचलून 17 ठेवायचे.

समोरचा चुकला तर

«जि» म्हणजे समोरच्याने काहीही केलं तरी मी जिंकू शकतो. त्यात त्याची प्रत्येक चाल धरलेली आहे, चुकीचीसुद्धा. 16 वर «ह» आहे, तेव्हा तिथून तो जे करेल ते आपल्याला «जि» वरच आणतं. त्याच्या चुकीने आपली किंमत वाढू शकते, घटत नाही.

मिनिमॅक्सची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. आपणच «ह» वर असू तेव्हा सगळ्या चाली त्याच्या लेखी सारख्याच वाईट असतात, आणि समोरचा माणूस असेल तर त्या सारख्या नसतात. समजा पाळी आपली आणि चिंचोके 14. आपण 4 उचलून 10 ठेवले तर समोरच्याला जिंकायचे दोन रस्ते आहेत: 1 उचलून 9 किंवा 3 उचलून 7. आपण 1 उचलून 13 ठेवले तर त्याच्याकडे एकच रस्ता, 4 उचलून 9. 3 उचलून 11 ठेवले तरी एकच, 4 उचलून 7. खूण तिन्हीकडे सारखी असली तरी 4 उचलू नयेत, 1 किंवा 3 उचलावेत. हा जास्तीचा निकष वापरायचा तर प्रत्येक «जि» जागेशेजारी तिथून जिंकणाऱ्या चाली किती आहेत तेही लिहून ठेवावं लागतं, आणि हरलेल्या जागेवरून सगळ्यात कमी आकड्याच्या जागेवर जावं लागतं.